जन्मठेप झाली, मग २५ वर्षांनी सुटका का? प्रत्यार्पण आणि रेड कॉर्नर नोटीस समजून घेताना

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एकामागून एक बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसे मारली गेली. या कटासाठी भरूचहून मुंबईत शस्त्रे आणल्याच्या प्रकरणात अबू सालेमला विशेष टाडा न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१७ रोजी जन्मठेपेची शिक्षा सुनावली. त्याच निकालात दोन सहआरोपींना फाशीची शिक्षा झाली. सालेमला मात्र फाशी देता येत नव्हती आणि त्याची जन्मठेपही २५ वर्षांच्या पुढे नेता येणार नाही, असे पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्पष्ट झाले. एकाच कटातल्या आरोपींमध्ये हा फरक का, असा प्रश्न ज्यांची माणसे गेली त्यांना पडणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या कोर्टात सापडत नाही. ते २००२ साली दिल्लीहून पोर्तुगालला गेलेल्या एका पत्रात आहे. ते पत्र का द्यावे लागले, हे समजले की परदेशात पळालेल्या आरोपीला परत आणण्याची सगळी पद्धत समजते. म्हणून आपण हेच एक प्रकरण धरून सुरुवातीपासून पाहू.

रेड कॉर्नर नोटीस म्हणजे काय?

एखादा आरोपी देश सोडून गेला की बातमीत हमखास वाक्य येते, ‘इंटरपोलने त्याच्याविरुद्ध रेड कॉर्नर नोटीस काढली.’ ऐकणाऱ्याला वाटते, इंटरपोल नावाचे जगाचे पोलीस दल आहे आणि त्याचे अधिकारी आता आरोपीला कुठूनही पकडून आणतील. प्रत्यक्षात इंटरपोलकडे कोणाला अटक करणारे पोलीस नाहीत. फ्रान्समधील लियॉन शहरात मुख्यालय असलेली ही १९६ सदस्य देशांच्या पोलीस दलांची संघटना आहे आणि एका देशाच्या पोलिसांची माहिती दुसऱ्या देशाच्या पोलिसांपर्यंत पोहोचवणे हे तिचे मुख्य काम आहे. प्रत्येक देशात तिच्याशी संपर्क ठेवणारे एक कार्यालय असते. भारतात हे काम सीबीआय पाहते.

नोटिशीचा प्रवास आपल्याकडच्या कोर्टापासून सुरू होतो. आधी कोर्टाचे अटक वॉरंट लागते. मग राज्याचे पोलीस किंवा तपास यंत्रणा सीबीआयकडे प्रस्ताव पाठवतात. त्यात आरोपीची ओळख पटवणारी माहिती, वॉरंटचा तपशील आणि त्याने नेमके काय केले याची हकिगत असते. सीबीआय तो प्रस्ताव लियॉनला पाठवते. तिथे तो इंटरपोलच्या नियमांना धरून आहे का, हे तपासले जाते. खटला चालवण्यासाठी आरोपी हवा असेल तर त्या गुन्ह्याला किमान दोन वर्षांच्या शिक्षेची तरतूद असावी लागते. राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणात हात घालण्यास इंटरपोलच्या घटनेच्या तिसऱ्या कलमानेच मनाई आहे. म्हणजे एखाद्या सरकारने आपल्या टीकाकारामागे हे हत्यार लावू नये, यासाठी निदान नियमात तरी अटकाव आहे. या चाळणीतून प्रस्ताव पार पडला तरच नोटीस निघते.

लाल रंगाची नोटीस म्हणजे ‘हा माणूस हवा आहे, सापडल्यास प्रत्यार्पणासाठी त्याला तात्पुरते अडकवून ठेवावे’ अशी विनंती. एखाद्याचा ठावठिकाणा किंवा माहिती हवी असेल तर निळी, बेपत्ता व्यक्तीसाठी पिवळी आणि अनोळखी मृतदेहाची ओळख पटवण्यासाठी काळी नोटीस असते. लाल नोटिशीला किती वजन द्यायचे हे प्रत्येक देश आपल्या कायद्याप्रमाणे ठरवतो. काही देशांत तिच्या आधारे तात्पुरती अटक होते, तर काही देशांत स्थानिक न्यायालयाचे वॉरंट निघाल्याशिवाय पोलीस त्या माणसाला हात लावू शकत नाहीत. बहुतेक लाल नोटिसा फक्त पोलिसांसाठी असतात, संकेतस्थळावर थोड्याच दिसतात. त्यामुळे तिथे नाव दिसले नाही म्हणजे नोटीस नाही, असा अर्थ काढता येत नाही.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. ‘तुमच्या नावाची इंटरपोल नोटीस निघाली आहे, प्रकरण मिटवायचे तर पैसे भरा’ असे सांगणारा फोन किंवा व्हिडिओ कॉल आला, तर तो फसवणुकीचाच असतो. नोटीस एका पोलीस दलाकडून दुसऱ्या पोलीस दलाकडे जाते. ती कोणी आरोपीला फोनवर वाचून दाखवत नाही आणि पैसे भरून ती मिटतही नाही.

नोटिशीने माणूस सापडतो, परत येत नाही

सालेम स्फोटानंतर भारताबाहेर पळाला होता. त्याच्याविरुद्ध रेड कॉर्नर नोटीस निघालेली होती आणि १८ सप्टेंबर २००२ रोजी पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे तो पोलिसांच्या हाती लागला. नोटिशीचे काम इथे संपले. सालेमला भारतात पाठवायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार इंटरपोलला नव्हता आणि लिस्बनच्या पोलिसांनाही नव्हता. त्यासाठी प्रत्यार्पणाची वेगळी कारवाई सुरू करावी लागते.

नोटीस आणि प्रत्यार्पण या दोन वाटा किती वेगळ्या आहेत, हे अलीकडच्या मेहुल चोक्सी प्रकरणात दिसले. पंजाब नॅशनल बँक घोटाळ्यातील या आरोपीविरुद्धची रेड कॉर्नर नोटीस त्याच्या अर्जानंतर इंटरपोलने नोव्हेंबर २०२२ मध्ये मागे घेतली. ‘आता तो सुटला’ अशी चर्चा तेव्हा झाली. पण एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियमच्या पोलिसांनी भारताच्या प्रत्यार्पणाच्या विनंतीवरून त्याला अटक केली. नोटीस नसली तरी एका सरकारने दुसऱ्या सरकारला थेट केलेली विनंती कायम असते. उलट नोटीस असूनही विनंतीची कागदपत्रे कच्ची असतील, तर आरोपी त्या देशात मोकळा फिरू शकतो.

आणखी दोन शब्दांची इथे गल्लत होते. लुकआउट सर्क्युलर ही आपल्याच देशातली व्यवस्था आहे. आरोपी विमानतळावरून बाहेर जाऊ नये म्हणून ती इमिग्रेशन खात्याला दिलेली सूचना असते. आणि हद्दपारी म्हणजे एखाद्या देशाने परक्या नागरिकाला आपल्या इमिग्रेशन कायद्याखाली बाहेर काढणे. हद्दपारीत आरोपी लवकर परत येऊ शकतो, पण तो निर्णय सर्वस्वी त्या देशाच्या मर्जीवर असतो. प्रत्यार्पणात मात्र दोन सरकारे आणि न्यायालये यांच्यातली रीतसर प्रक्रिया असते, आणि तिच्यासोबत अटीही येतात.

अटी कुठून येतात?

भारतात ही प्रक्रिया प्रत्यार्पण कायदा, १९६२ नुसार चालते आणि विनंती परराष्ट्र मंत्रालयामार्फत जाते. तपास यंत्रणा आरोपपत्र, वॉरंट, पुरावे आणि लागू होणारी कलमे यांची फाईल तयार करते. तिचे त्या देशाच्या भाषेत भाषांतर होते आणि ती वकिलातीमार्फत पोहोचवली जाते. तिथले न्यायालय साधारणपणे आपल्यासारखा पूर्ण खटला चालवत नाही. जे कृत्य भारतात गुन्हा आहे ते आमच्याकडेही गुन्हा आहे का, विनंतीमागे राजकीय हेतू आहे का, आणि आरोपीला परत पाठवल्यावर आमच्या कायद्याला न पटणारे काही त्याच्या वाट्याला येईल का, एवढे ते प्रामुख्याने पाहते.

सालेमच्या बाबतीत पहिली अडचण अशी की भारत आणि पोर्तुगाल यांच्यात तेव्हा प्रत्यार्पण करारच नव्हता. तो पुढे २००७ मध्ये झाला. भारताने १३ डिसेंबर २००२ रोजी अधिसूचना काढून आपला प्रत्यार्पण कायदा पोर्तुगालला लागू केला आणि बॉम्बस्फोटांच्या दहशतवादाविरुद्धच्या १९९७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला. द्विपक्षीय करार नसला तरी वाट निघू शकते, ती अशी.

दुसरी अडचण मोठी होती. पोर्तुगालमध्ये साध्या गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्येच रद्द झाली आहे. जन्मठेपही १८८४ पासून नाही. तिथे जास्तीत जास्त शिक्षा २५ वर्षांची. ज्या शिक्षा आम्ही आमच्या नागरिकांनाही देत नाही, त्या दुसरीकडे भोगायला आम्ही माणूस कसा सोपवू, असा त्या देशाचा प्रश्न होता. भारतात तर या गुन्ह्याला फाशीची तरतूद होती.

म्हणून १७ डिसेंबर २००२ रोजी तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी भारत सरकारच्या वतीने पोर्तुगाल सरकारला लेखी हमी दिली. सालेमला सोपवल्यास त्याला फाशी होणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त तुरुंगवासही होणार नाही, यासाठी सरकार भारतीय कायद्याने मिळालेले आपले अधिकार वापरेल, असा तिचा आशय होता. फाशीबाबत तर आपल्या प्रत्यार्पण कायद्यातच कलम ३४-सी आहे. सोपवणाऱ्या देशात ज्या गुन्ह्याला फाशी नाही, त्या गुन्ह्यासाठी परत आणलेल्या आरोपीला भारतात फाशीऐवजी जन्मठेप होते, असे ते कलम सांगते. २५ वर्षांची मर्यादा मात्र फक्त त्या हमीतून आली.

हमी मिळाल्यावरही प्रकरण झटपट संपले नाही. पोर्तुगालच्या मंत्र्यांनी २००३ मध्ये विनंती पुढे जाऊ दिली, लिस्बनच्या अपील न्यायालयाने २००४ मध्ये परवानगी दिली आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००५ मध्ये ती कायम केली. त्यातच बनावट कागदपत्रे वापरल्याबद्दल सालेमला पोर्तुगालमध्येच शिक्षा झाली होती. ती भोगून १२ ऑक्टोबर २००५ रोजी तो सशर्त सुटला आणि १० नोव्हेंबरला त्याला भारताच्या हवाली करण्यात आले. अटकेपासून सोपवणुकीपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ गेला. अशा प्रकरणांत हा काळ फार मोठा मानला जात नाही.

ठरले त्याच गुन्ह्यांचा खटला

प्रत्यार्पणाचा आणखी एक नियम आहे. ज्या गुन्ह्यांसाठी आरोपी मागितला आणि दिला गेला, त्याच गुन्ह्यांसाठी त्याच्यावर खटला चालवायचा. एका गुन्ह्याचे नाव सांगून माणूस आणायचा आणि मग दुसऱ्याच गुन्ह्यात अडकवायचा, हे चालत नाही. आपल्या कायद्यात हा नियम कलम २१ मध्ये आहे. त्यात दोन सवलती आहेत. प्रत्यार्पणासाठी मांडलेल्या घटनांतूनच दिसणाऱ्या कमी गंभीर गुन्ह्यासाठी खटला चालवता येतो, किंवा सोपवणाऱ्या देशाने नव्याने संमती दिली तर इतर गुन्ह्यांसाठीही चालवता येतो.

सालेमच्या खटल्यात इथेच पेच पडला. भारतात आणल्यावर त्याच्यावर टाडा, स्फोटके आणि शस्त्रास्त्र कायद्याखाली काही जादा आरोप लावण्यात आले. हे आरोप प्रत्यार्पणाच्या परवानगीत नव्हते, अशी तक्रार त्याने केली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१० मध्ये ती फेटाळली, कारण हे आरोप त्याच घटनांतून निघणारे आणि तुलनेने कमी शिक्षेचे होते. सालेम मग पोर्तुगालच्या न्यायालयात गेला. तिथे उलटा निकाल लागला. भारताने अट मोडली आहे, म्हणून प्रत्यार्पणाची परवानगी संपुष्टात आली, असे लिस्बनच्या न्यायालयाने सप्टेंबर २०११ मध्ये म्हटले आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ते उचलून धरले.

त्या निकालाने सालेम परत पोर्तुगालला गेला नाही, कारण परदेशी न्यायालयाचा आदेश भारतीय न्यायालयावर बंधनकारक नसतो. पण भारताने त्याकडे काणाडोळाही केला नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने हे जादा आरोप मागे घेण्यात आले. मूळ आरोप पुरेसे गंभीर होते आणि त्यांवरच २०१७ मध्ये जन्मठेप झाली. त्याआधी २०१५ मध्ये मुंबईतील एका बिल्डरच्या १९९५ सालच्या खुनातही त्याला जन्मठेप झाली होती. थोड्या जादा कलमांच्या हव्यासापायी संपूर्ण प्रकरण कसे अडचणीत येऊ शकते, याचा हा धडा आहे.

हमी कोणाला बांधते?

जन्मठेप म्हणजे कायद्याच्या भाषेत उरलेल्या आयुष्याचा कारावास. मग २५ वर्षांच्या हमीचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि ११ जुलै २०२२ रोजी त्याचा निकाल लागला.

न्यायालयाने आधी एक भेद स्पष्ट केला. हमी सरकारने दिली होती. शिक्षा ठरवताना न्यायालय त्या हमीने बांधलेले नसते, ते कायद्याने सांगितलेली शिक्षा देते. म्हणून टाडा न्यायालयाने जन्मठेप दिली यात चूक नव्हती. पण शिक्षा सुनावल्यानंतर ती माफ करण्याचे किंवा कमी करण्याचे अधिकार सरकारकडे असतात, आणि सरकार आपल्या शब्दाने पूर्ण बांधलेले आहे. म्हणून २५ वर्षे पूर्ण झाल्यावर केंद्र सरकारने संविधानाच्या कलम ७२ खाली राष्ट्रपतींना सल्ला द्यावा, एका महिन्यात कागदपत्रे पाठवावीत आणि सालेमला सोडावे, असे न्यायालयाने सांगितले. फौजदारी प्रक्रिया संहितेतील शिक्षा कमी करण्याच्या अधिकारातही सरकार तेवढ्याच मुदतीत हे करू शकते, असेही म्हटले.

मोजणी कधीपासून, हा दुसरा वाद होता. सालेमचे म्हणणे होते की २००२ मध्ये लिस्बनला पकडले तेव्हापासून. न्यायालयाने ते मान्य केले नाही, कारण मधला काळ तो पोर्तुगालच्याच गुन्ह्याची शिक्षा भोगत होता. एकच तुरुंगवास दोन देशांच्या शिक्षांमध्ये मोजता येत नाही. केंद्रीय गृहसचिवांच्या प्रतिज्ञापत्रात १० नोव्हेंबर २०३० ही तारीख होती, म्हणजे भारताच्या हवाली केल्यापासूनची २५ वर्षे. न्यायालयाने १२ ऑक्टोबर २००५ ही तारीख धरली, कारण त्या दिवसापासून तो केवळ भारताच्या प्रकरणासाठी ताब्यात होता. त्या हिशेबाने २५ वर्षे ऑक्टोबर २०३० मध्ये भरतात.

शब्द का पाळायचा?

इतक्या माणसांचा जीव घेणाऱ्या कटातील दोषीला दिलेला शब्द पाळायचाच कशाला, असे कोणी विचारेल. ज्यांनी घरातले माणूस गमावले त्यांचा हा राग आम्ही खोटा ठरवू शकत नाही. पण हा शब्द सालेमला दिलेला नव्हता. तो एका देशाने दुसऱ्या देशाला दिला होता आणि त्याच्या बदल्यात भारताला आरोपी मिळाला होता. हमी दिली नसती तर तो आलाच नसता. त्याच्या वाट्याची २५ वर्षेही त्याला भोगावी लागली नसती आणि मुंबईच्या कोर्टात त्याचा गुन्हाही सिद्ध झाला नसता.

शिवाय पुढची प्रत्येक विनंती मागच्या शब्दावर तोलली जाते. विजय मल्ल्या आणि नीरव मोदी यांच्या प्रकरणांत लंडनच्या न्यायालयाने मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातील १२ क्रमांकाच्या बराकीचा व्हिडिओसुद्धा पाहिला. आरोपीला किती जागा मिळेल, हवा-उजेड कसा आहे, उपचारांची काय सोय आहे, याबाबत भारताने हमी दिली आणि न्यायालयाने ती विश्वासार्ह मानली. भारत हमी देतो आणि मग विसरतो, असे एकदा सिद्ध झाले तर पुढच्या आरोपीच्या वकिलाचे अर्धे काम तिथेच होईल.

म्हणून यापुढे एखाद्या फरार आरोपीची बातमी वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. फक्त नोटीस निघाली आहे, की प्रत्यार्पणाची विनंतीही गेली आहे? त्या देशाच्या न्यायालयाने कोणत्या गुन्ह्यांसाठी परवानगी दिली आहे? आणि त्याला आणण्यासाठी आपल्या सरकारने कोणती हमी दिली आहे? विमानतळावर उतरणाऱ्या आरोपीचा फोटो सगळीकडे झळकतो. त्याला शेवटी किती शिक्षा भोगावी लागणार, हे मात्र बऱ्याच अंशी त्या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आधीच लिहिलेले असते.